एप्रिलची दुसरी तिमाही

त्या फौंड्रीत मी नोकरीला कधीच नव्हते. मी शाहूपुरीतल्या एका दोन खोल्यांच्या कॉम्प्युटर ऑफिसात होते, आणि फौंड्री आमची गिऱ्हाईक होती. आठवड्यातून दोन दिवस मी बसने एमआयडीसीत जायचे, तिथल्या ऑफिसातल्या एकमेव कॉम्प्युटरवर बसायचे, बिघडलेलं नीट करायचे, नवीन काही हवं असेल तर लिहून द्यायचे. नव्वदच्या दशकात डिप्लोमा करून बाहेर पडलेल्या आमच्यासारख्यांना असंच काम मिळायचं. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. मुलगी कॉम्प्युटरवर काम करते याचं त्यांना इतकं अप्रूप, की मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत कुणाची घड्याळं बंद पडली तरी ते माझ्याकडे पाठवायचे.

फौंड्रीत पंपाची आणि मोटारीची लोखंडी कास्टिंगं व्हायची. वाळूचा साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, गार झालं की साचा फोडून माल बाहेर काढायचा. निघालेल्या मालात काही खराब निघतोच. कुठे भोक पडलेलं असतं, कुठे वाळू चिकटून बसलेली असते. हा खराब माल म्हणजे रिजेक्शन. रोज किती ओतलं आणि किती खराब निघालं, एवढी नोंद ठेवणारा प्रोग्राम मी त्यांना फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेस भाषेत लिहून दिला होता.

बिलांचा प्रोग्राम आमचाच होता आणि रिजेक्शनचा त्याच्याच पोटात बसवला होता. त्यामुळे सगळा डेटा आर्थिक वर्षाप्रमाणे असायचा. प्रत्येक वर्षाचं वेगळं फोल्डर, त्यात एप्रिल ते मार्च. प्रोग्राम उघडला की आधी वर्ष निवडायचं, मग त्या फोल्डरमधलंच दिसायचं. तेव्हा आपल्याकडे बहुतेक सगळे असंच करायचे. मार्च संपला की जुनं फोल्डर बंद, एप्रिलला नवं.

मामा तिथे वाळूवर होते. त्यांना सगळेच मामा म्हणत. मूळचे सीमेकडचे, पण बरीच वर्षं मुरगूडला स्थायिक झालेले. घरात कानडी, बाहेर मराठी. मला ते अक्का म्हणायचे, मी त्यांच्यापेक्षा पंचवीस वर्षांनी लहान असूनही. रोज पहाटेच्या एसटीने यायचे. शिक्षण सातवी. वयाच्या सतराव्या वर्षापासून फौंड्र्यांमध्येच काम केलेलं.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते वाळूच्या ढिगापाशी. मूठभर वाळू घेऊन त्यांनी ती दाबली, मूठ उघडली, आणि हातात तयार झालेला लाडू मधोमध मोडला. मोडलेली कड बघितली, बोटं बघितली, आणि मिक्सरवाल्याला म्हणाले, "पाणी जास्त झालंय. उद्या भोकं दिसतील बघ."

"हातानं कसं कळतं?" मी विचारलं होतं.

"हाताला चिकटली तर पाणी जास्त. मोडताना भुगा झाला तर कमी. कड धारदार आली पायजे." मग जरा ओशाळून म्हणाले, "लॅबमधलं मशीन बी हेच सांगतंय, अक्का. फकस्त उशिरा सांगतंय."

तोवर ते नुसते वाळूवरचे एक कामगार होते. त्या वर्षी जूनअखेर वाळूचे जुने सुपरवायझर नोकरी सोडून गेले आणि जुलैपासून मालकांनी मामांना वाळूचा चार्ज दिला. सातवी शिकलेल्या माणसाला सुपरवायझर करायला प्रॉडक्शन मॅनेजरचा विरोध होता. मालक म्हणाले होते, बघूया की वर्षभर.

मामांनी चार्ज घेतल्यावर एकच मोठी गोष्ट बदलली. साचा फोडल्यावर निघणारी वाळू पुन्हा वापरतात. ती लोखंडाच्या धगीनं तापलेली असते. आधी ती तशीच गरमागरम मिक्सरमध्ये जायची. मामांचं म्हणणं, गरम वाळूत टाकलेलं पाणी साचा होईपर्यंत उडून जातं, वाळू एकजीव होत नाही, म्हणून मालात दोष येतात. त्यांनी शेडमागची जागा साफ करून घेतली, तिथे वाळू पसरून गार करायची आणि दुसऱ्या पाळीला वापरायची असा नियम केला. यात वेळ जायचा. दिवसाचे साचे कमी व्हायचे. प्रॉडक्शन मॅनेजर रोज ओरडायचा आणि मामा रोज खाली मान घालून ऐकायचे, पण गरम वाळू मिक्सरमध्ये जाऊ द्यायचे नाहीत.

फरक हळूहळू पडला. पावसाळ्यात थोडा, दिवाळीपर्यंत अजून थोडा. सगळी जुनी वाळू सुधारायलाच तेवढा वेळ लागणार होता, असं ते म्हणायचे. जानेवारीत एकदा मी गेले तर त्यांनी मला हाताला धरून नेल्यासारखं शेडमागे नेलं आणि खराब मालाचा ढीग दाखवला. ढीग गुडघ्याएवढा होता.

"गेल्या उन्हाळ्यात कुठवर व्हता, आठवतंय काय?" त्यांनी छातीपाशी हात लावून दाखवला. "आता बघा."

मला आठवत नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मी शेडमागे कधी गेलेच नव्हते. पण मी म्हटलं, "छान झालं मामा."

मार्च संपला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून क्वालिटीचा माणूस येणार होता. फौंड्रीचा निम्म्याहून जास्त माल तिकडे जायचा. त्यांनी यंदा पहिल्यांदाच रिजेक्शनचा तिमाही तक्ता मागितला होता. आमच्या प्रोग्राममध्ये महिन्याचा तक्ता होता, तिमाहीचा नव्हता. मालकांनी मला बोलावून घेतलं.

"चार ओळींचा पायजे. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी तिमाही. खाली वर्षाचं. आनि एक ग्राफ. होईल न्हवं परवापर्यंत?"

"आजच देते," मी म्हटलं.

खरंच त्याच दिवशी दिला. आमच्याकडे फॉक्सप्रोची नवी आवृत्ती नुकतीच आली होती. तिच्यात तारीख दिली की तिमाही काढून देणारं तयार फंक्शन होतं. त्याआधी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला मी असाच तक्ता करून दिला होता, तेव्हा हाताने अटी लिहिल्या होत्या, चौथा ते सहावा महिना असेल तर एक, सातवा ते नववा असेल तर दोन, असं. आता ते सगळं एका शब्दात होत होतं. त्या शब्दावर गट पाडले, बेरजा घेतल्या, आणि चार ओळी आल्या. चारच. एक, दोन, तीन, चार. मी वर्षाची बेरीज जुन्या तक्त्याशी ताडून पाहिली. नगाला नग जुळला. मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

शंभरात किती खराब, ते असं आलं होतं: पहिली तिमाही पाच, दुसरी बारा, तिसरी दहा, चौथी नऊ.

मला ते आकडे बघून काही वाटलं नाही. आकडे काय सांगतात हे बघणं माझं काम नव्हतं, असं मी समजत होते. ते जुळतात का एवढंच मी बघायचे.

मीटिंगला मालकांनी मलाही बसवलं, ग्राफबद्दल कुणी काही विचारलं तर असावं म्हणून. मालकांच्या केबिनमध्ये पाच माणसं. मालक, प्रॉडक्शन मॅनेजर, मामा, पुण्याचे साहेब आणि मी. पुण्याचे साहेब सभ्य होते, आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी ग्राफचा कागद पुढे ओढला, पेनाच्या टोकाने पहिल्या खांबावरून दुसऱ्यावर गेले आणि तिथेच थांबले.

"पहिल्या तिमाहीत पाच. म्हणजे तुम्ही करू शकता. मग दुसऱ्या तिमाहीत एकदम बारा कसं झालं? जुलैमध्ये काय बदललं?"

प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाला, "वाळूचा सुपरवायझर बदलला, साहेब. आणि पद्धत पण."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. त्यांना कागद वाचता येत नव्हता असं नाही, आकडे कळायचे. ते पुढे वाकून बराच वेळ त्या खांबांकडे बघत राहिले.

"असं न्हाय वो साहेब," ते म्हणाले. "उन्हाळ्यातच जास्त खराब जात व्हतं. मी घेतल्यावर कमी झालंय."

"तुमच्याकडे काही नोंद आहे का?"

"महिन्याचे कागद हायत की. फाईलला लावल्यात. त्येच्यात बघा."

पुण्याच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना अजून एका फौंड्रीत जायचं होतं. ते माझ्याकडे वळले. "हा रिपोर्ट तुम्ही केलात? आकडे बरोबर आहेत?"

मी म्हटलं, "हो. वर्षाची बेरीज ताडून पाहिलीय. जुळते."

मी खोटं बोलले नव्हते. बेरीज जुळतच होती. चारही ओळी त्याच वर्षाच्या होत्या, त्यातला एकही नग कमी-जास्त नव्हता. मामा माझ्याकडे वळून बघत होते. माझ्या तोंडून अजून काहीतरी येईल असं त्यांना वाटत असावं. मी समोरच्या कागदाकडे पाहिलं.

मालक म्हणाले, "मामा, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलंल?"



नंतर मी पुष्कळदा विचार केला, की त्या खोलीत मामा सोडून आणखी दोघांनी तो ढीग वर्षभर पाहिला होता. मालक त्या पावसाळ्यात आजारी होते, महिनाभर आले नव्हते, त्यांचं समजू शकतं. पण प्रॉडक्शन मॅनेजर रोज त्या ढिगाजवळून जायचा. त्याला मनापासून काय वाटत होतं ते मला कधीच कळलं नाही. गार वाळूमुळे त्याचे साचे कमी निघत होते आणि समोर छापील कागद होता. कदाचित त्यालाही कागद बघितल्यावर तसंच आठवायला लागलं असेल.

आठवडाभरात फौंड्रीने पुण्याला लेखी उत्तर पाठवलं. ते मीच टाइप केलं. दोषाचं कारण: वाळूच्या हाताळणीत जुलैपासून केलेला बदल. उपाय: पूर्वीची पद्धत पुन्हा सुरू केली, संबंधित सुपरवायझर बदलला. मामांना माल घासण्याच्या विभागात टाकलं. तिथे खराब कडा ग्राइंडरने काढायच्या असतात, दिवसभर धूळ. वय पन्नासच्या पुढे. ते महिनाभर तिथे गेले. मी आठवड्यातून दोनदा जायचे तेव्हा लांबून दिसायचे, तोंडाला पंचा बांधलेले. मग एक दिवस दिसले नाहीत. वॉचमन म्हणाला, "सोडलं की. हिशोब घिऊन गेलं."

त्या उन्हाळ्यात ढीग वाढला. मे महिन्यात पुण्याहून एक गाडीभर माल परत आला. मालक चिडचिडे झाले होते. माणूस बदलला, पद्धत जुनी आणली, तरी असं का, हे त्यांना कळत नव्हतं. नव्या सुपरवायझरवर ओरडायचे. तो म्हणायचा, उन्हाळा आहे साहेब, वाळू तापते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी तिमाही तक्ता काढायला बसले. सकाळची वेळ होती, बाहेर पाऊस नव्हता, ऑफिसातला शिपाई चहा ठेवून गेला होता. नवं फोल्डर, एप्रिल ते जूनअखेरचं; जुलैच्या नोंदी अजून भरायच्या होत्या. तक्ता छापून आला आणि त्यावर एकच ओळ होती. तिमाही दोन. शंभरात तेरा.

पहिल्या तिमाहीची ओळच नव्हती.

मला वाटलं डेटा गेला. मी नोंदी उघडून पाहिल्या. एप्रिल होता, मे होता, जून होता, सगळ्या तारखा जागच्या जागी. पहिली तिमाही तर हीच की. मग हिला दोन कोण म्हणतंय?

आणि मग मला कळलं. तसं कळायला काही सेकंदही लागले नाहीत. ते तयार फंक्शन जानेवारीपासून मोजत होतं. त्याच्या लेखी जानेवारी ते मार्च म्हणजे एक, एप्रिल ते जून म्हणजे दोन. त्याला सांगावं लागतं, की आमचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. तारखेच्या पुढे स्वल्पविराम देऊन चार लिहायचे, बस. चौथा महिना. मी ते लिहिलं नव्हतं.

मी गेल्या वर्षाचं फोल्डर उघडलं. काय दिसणार हे उघडायच्या आधीच ठाऊक होतं. त्या फोल्डरमध्ये एप्रिल ते मार्च असे बारा महिने पूर्ण होते, म्हणून चारही आकडे भरले गेले होते आणि कुणालाच काही रिकामं दिसलं नव्हतं. फक्त वर्षाचा शेवट, जानेवारी ते मार्च, उचलून सगळ्यात वर जाऊन बसला होता. पहिली तिमाही म्हणून. बाकीच्या तिन्ही एकेक पायरी खाली सरकल्या होत्या. मी तो चार घातला आणि पुन्हा छापलं.

पहिली बारा. दुसरी दहा. तिसरी नऊ. चौथी पाच.

बारा हे मामांच्या आधीचं होतं. पाच त्यांचं होतं. जे त्यांनी मिळवलं होतं ते मी त्यांच्या आधी नेऊन ठेवलं होतं, आणि जे त्यांनी कमी करत आणलं होतं ते त्यांच्या माथी मारलं होतं. मी महिन्यांची फाईल काढली. मामा मीटिंगमध्ये सांगत होते तीच फाईल. एकेक कागद बघत गेले. एप्रिलपासून मार्चपर्यंत आकडे पायऱ्या उतरावेत तसे उतरत आले होते. पाच मिनिटांचं काम होतं. एप्रिलमध्ये कुणीही, मीसुद्धा, ती उघडली असती तर.

शाहूपुरीत परत आल्यावर मी आमच्या सरांना सांगितलं. ऑफिस त्यांचं होतं. त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि माझ्याकडे सरकवले.

"दुरुस्त केलंस ना? मग झालं. यापुढचा बरोबर येईल."

"पण सर, त्या माणसाची नोकरी गेली."

"आता सांगून त्याची नोकरी परत येणार आहे का? आपलं गिऱ्हाईक मात्र जाईल. गप्प बस."

मी गप्प बसले. आठ दिवस. हे लिहिताना ते आठ दिवस वगळता आले असते, पण ते होते. त्या आठ दिवसांत मी दोनदा फौंड्रीत गेले आणि दोन्ही वेळा मालकांच्या केबिनवरून पुढे निघून गेले. नवव्या दिवशी आत गेले आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. काय झालं ते सांगितलं. त्यांना पहिल्यांदा समजलं नाही. मी कॅलेंडर मागवून घेतलं आणि महिन्यांवर बोट ठेवून पुन्हा सांगितलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "म्हंजे मामा बरोबर बोलत व्हता."

"हो."

"आनि मी त्येला म्हनलो, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलंल."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पुण्याला काय सांगू आता?" ते म्हणाले. "कारण सापडलं, माणूस बदलला, असं सही करून दिलंय मी. त्येंनी ते मान्य करून फाईल बंद केलीया. आता सांगू, आमचा तक्ताच चुकला व्हता? मग म्हणतील, तुमचा कुठला कागद खरा?"

"निदान मामांना परत बोलवा."

त्यांनी मान हलवली. होकाराची की नुसतीच, ते कळलं नाही.

त्या रविवारी मी मुरगूडला गेले. पत्ता वॉचमनने सांगितला होता, एसटी स्टँडवरून चालत दहा मिनिटं. मामांच्या बायकोने दार उघडलं. मी फौंड्रीतून आले म्हटल्यावर ती क्षणभर दारातच उभी राहिली, मग बाजूला झाली. मामा आत चटईवर बसले होते. बारीक झालेले दिसले. जवळच्या एका साखर कारखान्याच्या गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागलो, म्हणाले. बसून राहायचं काम.

"या अक्का. कशापायी आलासा एवढ्या लांब?"

मी कागद काढले. चटईवर मांडले. मालकांना सांगितलं होतं तसंच सांगितलं, महिने बोटांवर मोजत. ते ऐकत होते, पण मालकांसारखं त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही.

"म्हंजे ही पाच..." त्यांनी बोट ठेवलं.

"जानेवारी ते मार्चची. तुमची."

"आनि बारा?"

"तुमच्या आधीची. एप्रिल ते जून."

मला वाटलं होतं, त्यांना सुटल्यासारखं वाटेल. मला म्हणतील, बघा, मी म्हनत व्हतो की. किंवा शिव्या देतील. मी दोन्हीची तयारी करून गेले होते.

"अक्का, खरं सांगू काय," ते म्हणाले. "मला बी तेच खरं वाटाय लागलं व्हतं. मीटिंगमधनं भायेर आलो तवा मनात म्हनलो, कागद चुकीचा हाय. दोन-चार दिस तसंच म्हनलो. मग तिकडं ग्राइंडरवर बसून इचार करत ऱ्हायलो. मालक म्हनत्यात, साहेब म्हनत्यात, तुमी म्हनलासा. एवढी शिकलेली माणसं. म्हनलं, माझ्याच हाताचं काय तरी चुकत असनार. ढीग बी मला चुकूनच कमी दिसला असंल."

"मामा, माझं चुकलं."

"ते झालं की आता." हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. रागानेही नाही. पाऊस पडून गेला, असं सांगावं तसं. "सोडायच्या आदल्या दिशी वाळूपाशी गेलतो. नवा माणूस जेवाय गेलता. मूठ भरून बघितली. काय कळंना. पाणी जास्त हाय का कमी हाय, कायच कळंना. तीस वर्सं केलं, आनि हाताला काय कळंना. मग म्हनलं, बास. आता हितं कशाला थांबायचं."

त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला. तिला काय चाललंय ते नीटसं कळलं नव्हतं. तिने कानडीत काहीतरी विचारलं, मामांनी एका शब्दात उत्तर दिलं. ती आत गेली.

मी म्हटलं, "मालक बोलावतील तुम्हाला. तुम्ही परत या. आता कागद पण तुमच्या बाजूने आहे."

"येऊन काय करू? हातालाच कळंना झालंय, अक्का."

"येईल परत."

मी दुरुस्त केलेला तक्ता त्यांच्यापुढे सरकवला, म्हटलं हा ठेवा तुमच्याकडे. त्यांनी तो उचलला, दुमडला, दुमडलेला तसाच माझ्या हातात परत दिला.

"ठिवून कुनाला दावू?"

मालकांनी निरोप धाडला, हे मात्र खरं. पुढच्या महिन्यात. मामा आलेही एकदा. मी त्या दिवशी तिथे नव्हते, वॉचमनने सांगितलं. वाळूच्या चार्जवर नवा माणूस पक्का झाला होता, तो प्रॉडक्शन मॅनेजरच्या ओळखीचा. मामांना त्याच्या हाताखाली घ्यायचं ठरलं होतं. मामा ऑफिसबाहेरच्या बाकावर तासभर बसले, मालक कुणाशी तरी फोनवर बोलत होते. मग उठले आणि एसटीची वेळ झाली म्हणून निघाले. वॉचमनने विचारलं, काय ठरलं? म्हणाले, काय न्हाय. आत गेलेच नव्हते.

शेडमागची गार वाळूची जागा परत कुणी साफ केली नाही. मी मालकांना दोनदा सुचवलं. ते म्हणाले, बघूया. प्रॉडक्शन मॅनेजरला साचे कमी निघालेले चालत नव्हते, आणि पुण्याला दिलेल्या उत्तरात पूर्वीची पद्धत पुन्हा सुरू केली असं लिहिलेलं होतं. त्यावर मालकांची सही होती. चुकीच्या तक्त्यावरून घेतलेला निर्णय आता त्या तक्त्याविनाच चालू राहिला होता.

पुढची दोन वर्षं मी दर तिमाहीला तक्ता काढत राहिले. चौथ्या महिन्यापासून मोजणारा, बरोबर. त्यातले आकडे कधी अकरा, कधी तेरा. पाच पुन्हा कधी आला नाही. मग पुण्याच्या गिऱ्हाइकाने माल घेणं कमी करत करत बंद केलं, एक शेड बंद झाली, आणि आमच्या ऑफिसचंही तिथलं काम संपलं. शेवटच्या दिवशी मी डेटाची नक्कल काढून मालकांच्या हातात दिली. त्यांनी ती ड्रॉवरमध्ये टाकली. मामांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

मुरगूडला मी पुन्हा गेले नाही. जाऊन काय सांगायचं होतं, ते सांगून झालं होतं. त्याने काहीही बदललं नव्हतं, आणि ते त्यांना माझ्याआधीच कळलं होतं.